त्या मिनिटाला ठाऊक तेवढेच : क्रिकेटच्या थेट लेखी समालोचनाविषयी



भाषेच्या व्यावहारिक उपयोजनाचा अभ्यास करताना आपण बातमी, जाहिरात, मुलाखत, अहवाल असे लेखनप्रकार पाहतो. क्रिकेट सामन्याचे थेट लेखी समालोचन हा प्रकार त्या यादीत सहसा येत नाही. सामना सुरू असतानाच, प्रत्येक नोंदीपुढे वेळ घालून, एकामागून एक छोट्या नोंदी लिहीत जाणे असे त्याचे स्वरूप आहे. त्याचा वाचक बहुधा सामना पाहत नसतो. तो रात्रपाळीला असतो, एसटीच्या प्रवासात असतो किंवा रुग्णालयात कोणाच्या तरी उशाशी बसलेला असतो. मिळालेल्या अर्ध्या मिनिटात तो मोबाइलवर शेवटची नोंद वाचतो, शेजारच्याला ती सांगतो आणि पुन्हा आपल्या कामाकडे वळतो. नोंद चुकली, तर ती दुरुस्त झाल्याचे त्याला कळेपर्यंत चुकीची वार्ता चार जणांपर्यंत गेलेली असते.

या लेखनाविषयी एक समज रूढ आहे. अचूक लिहावे तर नोंद कोरडी होते आणि जिवंत लिहावे तर अचूकतेत थोडी सूट घ्यावी लागते, असा तो समज. मला तो मान्य नाही. अचूकता आणि जिवंतपणा या दोन्ही गोष्टी एकाच शिस्तीतून येतात, असे माझे मत आहे. नोंदीपुढे जी वेळ लिहिली आहे, त्या वेळेला जेवढे ठाऊक होते तेवढेच त्या नोंदीत लिहावे, ही ती शिस्त. प्रस्तुत लेखात मी या मताचे विवेचन एकाच सामन्याच्या आधारे करणार आहे. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमधील ब्रिजटाउन येथे भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात झालेला विसाव्या षटकापर्यंत रंगलेला विश्वचषकाचा तो अंतिम सामना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

दोन घड्याळे

थेट समालोचनात दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात. एक भिंतीवरचे आणि दुसरे षटकांचे. पहिले वाचकाला सांगते की ही नोंद किती ताजी आहे. दुसरे सांगते की खेळ कोठवर आला आहे. नोंदीत दोन्ही हवीत, आणि दोन्ही निःसंदिग्ध हवीत.

भिंतीवरचे घड्याळ कोणत्या गावचे, हे आधी ठरवावे लागते. ब्रिजटाउनचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेनऊ तास मागे असते. तो सामना तेथे सकाळी १०.३० वाजता सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ८ वाजले होते. मराठी वाचकासाठी लिहिणाऱ्याने भारतीय वेळच वापरावी, आरंभीच तसे एकदा सांगावे आणि शेवटपर्यंत तीच पाळावी. मैदानावरच्या सावल्यांचे वर्णन करताना ‘दुपार’ म्हणायचे आणि नोंदीपुढे रात्रीचे ११ लिहायचे, असे झाले की वाचक गोंधळतो. तेथे ‘ब्रिजटाउनमध्ये दुपार आहे’ असे स्थळासह लिहिले, की काम भागते.

षटकांच्या घड्याळात एक जुना सापळा आहे. धावफलकावर १९.१ असे दिसते, त्याचा अर्थ १९ षटके पूर्ण झाली असून पुढच्या, म्हणजे विसाव्या षटकाचा एक चेंडू टाकून झाला आहे. घाईत लिहिणारा ‘एकोणिसाव्या षटकाचा पहिला चेंडू’ असे लिहून जातो आणि वाचकाच्या हिशोबात एक अख्खे षटक वाढते. हे टिंब दशांशचिन्हही नव्हे. षटक सहा चेंडूंचे असल्याने १९.५ नंतरच्या वैध चेंडूवर २० षटके पूर्ण होतात. शिवाय वाइड चेंडू मोजला जात नाही. त्यामुळे एकाच क्रमांकाखाली दोन नोंदी येऊ शकतात, आणि त्या सामन्याच्या शेवटच्या षटकात नेमके तसे घडले.

या दोन घड्याळांमध्ये आणखी एक अंतर असते. मैदानावर चेंडू पडतो त्या क्षणी तो आपल्या पडद्यावर दिसत नाही. दूरचित्रवाणीवर तो काही क्षणांनी पोहोचतो आणि इंटरनेटवरील प्रक्षेपणात त्याहूनही उशिरा. अधिकृत धावफलक कधी चित्राच्या पुढे धावतो, तर कधी मागे रेंगाळतो. लिहिणाऱ्याने धावफलकावर गडी बाद झालेला पाहिला आणि पडद्यावर तोच गोलंदाज अजून धावत येत असला, तर मोह होतो तो आकड्यावरून वर्णन रचण्याचा. त्रिफळा उडाला की झेल गेला, हे ठाऊक नसताना ‘दांडी गुल’ लिहिले जाते ते अशाच वेळी. माझ्या मते नियम साधा असावा. आकडे अधिकृत धावफलकावरून घ्यावेत, वर्णन स्वतः पाहिलेल्या चित्रावरून करावे आणि दोन्ही जुळल्याखेरीज नोंद पाठवू नये. त्यात काही क्षण जातील. पण वाचकाला ताशी वेग नको असतो, त्याला भरवसा हवा असतो.

भूतकाळाचा धोका

आता भाषेकडे वळू. मराठीत ‘-ला’ प्रत्ययाचे भूतकाळी रूप केवळ घडून गेलेल्या गोष्टीसाठी येत नाही. कोणी हाक मारली, की आपण जागेवरूनच ‘आलो’ म्हणतो, तेव्हा आपण आलेलो नसतो. मूल पलंगाच्या कडेला सरकते, तेव्हा ‘पडला, पडला!’ असे ओरडणाऱ्या आजीच्या मनात पडणे अजून व्हायचेच असते. ज्या गोष्टी आता घडणारच असे वाटते, त्यांना मराठी बोलणारा खुशाल भूतकाळात टाकतो. मराठीच्या या लकबीने बोलण्याला चैतन्य येते.

आकाशवाणीवरील समालोचनाने या लकबीचा भरपूर उपयोग केला. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांमुळे मराठी क्रिकेटची भाषा घरोघरी कानांवर पडली, आणि ‘चेंडू गेला, गेला…’ हे ऐकताना श्रोत्यांचा श्वास अडकला. तेथे ते चालते, कारण आवाज पुढच्या क्षणी स्वतःला दुरुस्त करू शकतो. ‘गेला, गेला… आणि झेलला!’ असे म्हणताच आधीचे ‘गेला’ विरून जाते. लेखी नोंदीत ते विरत नाही. ‘रात्री ११.२५ : चेंडू सीमापार गेला’ असे एकदा उमटले, की ते विधान ठरते. ज्याने नेमकी तेवढीच नोंद वाचून मोबाइल खिशात ठेवला, त्याच्यासाठी तो षटकार झालेलाच असतो.

त्या अंतिम सामन्याचे विसावे षटक या दृष्टीने तपासू. जिंकण्यासाठी दक्षिण आफ्रिकेला १७७ धावा हव्या होत्या. १९ षटकांनंतर धावफलक ६ बाद १६१ असा होता, म्हणजे ६ चेंडूंत १६ धावा. हार्दिक पांड्याने पहिला चेंडू फुलटॉस टाकला. डेव्हिड मिलरने तो लाँगऑफच्या दिशेने उंच भिरकावला. सूर्यकुमार यादवने धावत येऊन सीमारेषेच्या आत चेंडू पकडला, तोल जात असल्याचे ओळखून तो हवेत उडवला, सीमेपलीकडे पाऊल टाकले, पुन्हा आत येऊन तो झेलला. सीमारेषेला त्याचा स्पर्श झाला होता का, हे तिसऱ्या पंचांनी चित्रफितीवर तपासले आणि मिलरला बाद ठरवले.

या साऱ्याला फार वेळ लागला नाही, परंतु तेवढ्या वेळात तीन निराळ्या अवस्था येऊन गेल्या. चेंडू हवेत असताना काहीच ठरलेले नव्हते. झेल घेतल्यावर तो झेल दिसला होता, पण त्याचा निर्णय व्हायचा होता. तिसऱ्या पंचांच्या निर्णयानंतरच मिलर ‘बाद’ झाला. निर्णय उलट लागता, तर त्या चेंडूवर षटकार मिळून ५ चेंडूंत १० धावांचे समीकरण राहिले असते आणि मिलर खेळपट्टीवर उभा असता. झेल वैध ठरल्यामुळे ५ चेंडूंत १६ धावा उरल्या आणि मिलर तंबूत परतला. एका निर्णयात एवढे अंतर होते. अशा वेळी पुढील प्रकारची नोंद पाहा. (या व पुढच्या नमुन्यांतील घड्याळाची मिनिटे केवळ उदाहरणादाखल घेतली आहेत, खेळाचा तपशील खरा आहे.)

रा. ११.२५ : मिलर बाद! सूर्यकुमारचा अविश्वसनीय, अद्भुत, न भूतो न भविष्यति झेल! विश्वचषक भारताचाच!

या नोंदीतील एक गोष्ट पुढे खरी ठरली, म्हणून ती नोंद अचूक होत नाही. लिहिणाऱ्याला त्या मिनिटाला जे ठाऊक नव्हते ते त्याने लिहिले, आणि नशिबाने त्याला साथ दिली. उरलेली दोन वाक्येही तपासा. तीन विशेषणांतून झेल कसा घेतला हे मुळीच कळत नाही. ‘विश्वचषक भारताचाच’ हे तर ५ चेंडू शिल्लक असतानाचे भाकीत आहे. आता हीच घटना अवस्थांप्रमाणे लिहून पाहू.

रा. ११.२५ (१९.१) : हार्दिकचा फुलटॉस. मिलर तो लाँगऑफकडे उंच मारतो. सूर्यकुमार सीमारेषेवर चेंडू पकडतो, हवेत उडवतो, रेषेबाहेर जातो, परत येऊन झेलतो. पाय रेषेला लागला का? तिसरे पंच पाहत आहेत.

रा. ११.२६ : झेल वैध. मिलर बाद. दक्षिण आफ्रिका ७ बाद १६१. ५ चेंडू, १६ धावा.

पहिल्या नोंदीतील क्रियापदे पाहा. ‘मारतो’, ‘पकडतो’, ‘उडवतो’, ‘झेलतो’ ही वर्तमानकाळी रूपे डोळ्यांसमोर घडणारी कृती दाखवतात. ती कृती आपण पाहिली आहे, म्हणून ती निःशंकपणे लिहिता येते. जे अजून ठरायचे आहे, ते प्रश्नार्थक वाक्यात आहे. तपासणी सुरू आहे, म्हणून ‘पाहत आहेत’ हे अपूर्ण वर्तमानाचे रूप आले. निकालासाठीची ‘बाद’, ‘वैध’ ही पदे दुसऱ्या नोंदीत, निकालानंतरच, येतात. मराठीची क्रियापदव्यवस्था हा भेद करायला पूर्ण समर्थ आहे. अंदाज सांगायचाच असेल, तर ‘असावा’, ‘दिसते’ ही रूपेही तिच्यापाशी आहेत. ‘झेल स्वच्छ असावा’ आणि ‘झेल स्वच्छ आहे’ यांतील अंतर मराठी वाचकाला व्याकरण न शिकताही कळते.

आणि आता मला सांगा, या दोहोंपैकी कोणती नोंद अधिक जिवंत आहे? माझ्या मते दुसरी. पहिली नोंद वाचकाला निष्कर्ष हाती देते आणि उद्गारचिन्हांनी आनंदित व्हायची आज्ञा करते. दुसरी त्याला सीमारेषेवर नेऊन उभे करते आणि एक मिनिट थांबायला लावते. मैदानावरचे प्रेक्षकही तेव्हा थांबलेलेच होते. अनिश्चितता प्रामाणिकपणे लिहिली, की उत्कंठा निराळी निर्माण करावी लागत नाही.

येथे वाक्यरचनेचा एक मुद्दा ध्यानात घ्यावा. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते. कृतीचे वर्णन करताना हे सोयीचे असते, कारण वाक्य संपेपर्यंत वाचक धरून ठेवला जातो. निकाल सांगताना मात्र हीच रचना अडसर होते. ‘हार्दिकच्या फुलटॉसवर लाँगऑफला सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेल्या झेलामुळे मिलर बाद झाला’ हे वाक्य निर्दोष आहे, पण वाचकाला हवी ती गोष्ट त्यात सर्वांत शेवटी येते. म्हणून निकालाची नोंद दोन-तीन शब्दांच्या स्वतंत्र वाक्याने सुरू करावी आणि तपशील पुढच्या वाक्यात द्यावा.

आकड्यांचे नाट्य

जिवंतपणा विशेषणांत शोधण्याची सवय आपल्याला वृत्तपत्रांनी लावली आहे. ‘चित्तथरारक’, ‘श्वास रोखून धरायला लावणारा’, ‘काळजाचा ठोका चुकवणारा’ हे शब्द सामन्याच्या तिसऱ्या षटकातच खर्ची पडले, की शेवटच्या षटकासाठी लिहिणाऱ्यापाशी काही उरत नाही. क्रिकेटचे नाट्य त्याच्या आकड्यांच्या परस्परसंबंधांत असते. ते उलगडून दाखवणे हे समालोचकाचे काम.

त्याच सामन्यात १४ षटकांनंतर दक्षिण आफ्रिकेला ३६ चेंडूंत ५४ धावा हव्या होत्या. अक्षर पटेलच्या पंधराव्या षटकात २४ धावा निघाल्या आणि समीकरण ३० चेंडूंत ३० धावा असे झाले. सहा गडी हातात होते, हाइनरिख क्लासेन आणि मिलर खेळत होते. ‘चेंडूमागे एक धाव’ एवढे तीन शब्द तेथे पुरेसे होते. पुढच्या षटकांच्या अखेरीस लिहायच्या नोंदी अशा असू शकतात :

१६ षटके : बुमराहच्या षटकात ४ धावा. २४ चेंडूंत २६.

१७ षटके : पहिल्याच चेंडूवर हार्दिकने क्लासेनला पंतकरवी झेलबाद केले, २७ चेंडूंत ५२. षटकात ४ धावा. १८ चेंडूंत २२.

१८ षटके : बुमराहच्या षटकात केवळ २ धावा, यान्सन त्रिफळाचीत. १२ चेंडूंत २०.

१९ षटके : अर्शदीपच्या षटकात ४ धावा. ६ चेंडूंत १६.

या चार ओळींत एकही विशेषण नाही. तरीही त्या सलग वाचताना गळ्याभोवतीचा फास आवळत गेल्याचे जाणवते. लागणाऱ्या धावा कमी होत आहेत, पण चेंडू त्याहून वेगाने सरत आहेत. प्रत्येक नोंद त्याच एका परिमाणाने संपते, म्हणून वाचक मागच्या नोंदीशी तुलना करू शकतो. षटकाअखेरीचे एक ठरावीक वाक्यरूप पाळण्याचा हा लाभ आहे. दर वेळी नवी शब्दरचना शोधणारा लेखक वाचकाकडून ही तुलना हिरावून घेतो.

अचूकतेची कसोटीही येथेच लागते. आकडे एकमेकांना साक्ष देतात. १७७ मधून झालेल्या धावा वजा केल्या, की लागणाऱ्या धावा आल्याच पाहिजेत. १२० मधून टाकलेले वैध चेंडू वजा केले, की उरलेले चेंडू आले पाहिजेत. नोंद पाठवण्यापूर्वी ही दोन वजाबाक्या मनात कराव्यात. शेवटच्या षटकात हे किती आवश्यक असते ते पाहा. मिलरनंतर आलेल्या रबाडाच्या बॅटची कड लागून चौकार गेला : ४ चेंडू, १२ धावा. मग एक बाय आणि एक लेगबाय : २ चेंडू, १० धावा. नंतर वाइड. येथे एक धाव कमी झाली, पण चेंडू कमी झाला नाही. जो लेखक सवयीने दोन्ही आकडे उतरवतो, तो ‘१ चेंडू, ९ धावा’ लिहितो आणि सामना एक चेंडू आधीच संपवतो. खरे समीकरण २ चेंडू, ९ धावा असे होते. त्यानंतर रबाडा झेलबाद झाला, शेवटच्या चेंडूवर एक धाव निघाली, डाव ८ बाद १६९ वर थांबला आणि भारत ७ धावांनी जिंकला. ‘भारत जिंकला’ हे वाक्य लिहिण्याची वेळ तेव्हा आली.

हेतू आणि दुरुस्ती

त्या मिनिटाला ठाऊक नसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे माणसांचे हेतू. सतराव्या षटकापूर्वी यष्टिरक्षक ऋषभ पंतच्या गुडघ्यावर उपचार झाले आणि खेळ काही काळ थांबला. लगोलग क्लासेन बाद झाला. फलंदाजांची लय मोडण्यासाठी केलेला तो डावपेच होता, अशी चर्चा नंतर झाली. पण थेट नोंद लिहिणाऱ्याला दिसत होते ते एवढेच : पंत मैदानावर बसला आहे, गुडघ्याला पट्टी बांधली जात आहे, खेळ थांबला आहे. ‘पंतने वेळ काढला’ असे लिहिणे म्हणजे वर्णनाच्या वेषात आरोप करणे झाले असते. उलट, ‘क्लासेन ऐन भरात असताना खेळ थांबला आहे’ हे वाक्य खरेही आहे आणि सूचकही. निष्कर्ष काढण्याचे काम वाचकावर सोपवावे.

इतके करूनही चूक होतेच. गर्दीत क्षेत्ररक्षकाचे नाव चुकते, लेगबायची धाव फलंदाजाच्या खात्यात पडते. अशा वेळी जुनी नोंद गुपचूप बदलून टाकण्याची पद्धत सर्रास आढळते. माझा तिला विरोध आहे. ज्याने चुकीची नोंद वाचली, तो मागे वळून ती पुन्हा वाचत नाही. तो पुढची नोंद वाचतो. म्हणून दुरुस्ती पुढच्या नोंदीत, नव्या वेळेसह आणि स्पष्ट शब्दांत यावी : ‘दुरुस्ती : १९.४ वरील धाव लेगबाय होती, फलंदाजाची नव्हे. संघाची धावसंख्या तीच.’ जुन्या नोंदीजवळही तसे नमूद करावे. धावसंख्येवर परिणाम झाला की नाही, हे दुरुस्तीत सांगणे महत्त्वाचे, कारण वाचकाच्या मनात पहिला प्रश्न तोच उभा राहतो.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. एवढे तोलूनमापून लिहीत बसले, तर दुसरा कोणी आपल्या आधी ‘बाद’ लिहील आणि वाचक त्याच्याकडे जाईल. आक्षेप खरा आहे. काही क्षणांची आघाडी तो दुसरा घेईलही. परंतु दर वेळी पंचांच्या आधी निकाल देणाऱ्याचा एखादा निकाल केव्हातरी फिरतो, आणि त्या रात्री रात्रपाळीवरच्या माणसाने शेजाऱ्याला सांगितलेले खोटे ठरते. पुढच्या सामन्याला तो कोणाची नोंद उघडेल, हे तुम्हीच ठरवा.

स्वाध्याय

१. विसाव्या षटकातील चौकार, बाय, लेगबाय, वाइड, रबाडाचा बळी आणि शेवटची धाव यांच्यासाठी प्रत्येकी २० शब्दांच्या आत सहा नोंदी लिहा. प्रत्येक नोंदीच्या शेवटी उरलेले चेंडू आणि धावा द्या आणि दोन्ही वजाबाक्या करून त्या पडताळा.

२. आपल्या नोंदींतील सर्व क्रियापदे अधोरेखित करा. त्यांपैकी कोणती पाहिलेली कृती सांगतात, कोणती पंचांचा निर्णय सांगतात आणि कोणती केवळ अंदाज सांगतात, ते लिहा. अंदाजासाठी भूतकाळी रूप वापरले असल्यास ते बदला.